टाइमग्राफरचे तीन आकडे आणि घड्याळाची तब्येत

जबलपुरात बडा फुहारा ते अंधेरदेव या भागात जुन्या चावीच्या घड्याळांची दुरुस्ती करणारे काही कारागीर अजून बसतात. गेल्या काही वर्षांत त्यांच्यातल्या काहींच्या टेबलावर एक छोटा पडदा आला आहे. गिऱ्हाइकाने एचएमटीचं घड्याळ पुढे केलं की ते एका चिमट्यासारख्या मायक्रोफोनमध्ये अडकवलं जातं, पडद्यावर ठिपक्यांची रेघ धावू लागते आणि वर तीन आकडे उमटतात: `+18 s/d`, `214°`, `2.4 ms`. गिऱ्हाईक विचारतं, "मग, ठीक आहे का?" या प्रश्नाला एकाच बाजारात तीन वेगळी उत्तरं मिळतात. एक कारागीर पहिला आकडा पाहून शाबासकी देतो, दुसरा मधला आकडा पाहून मान हलवतो, आणि तिसरा, तो बहुधा वयाने मोठा असतो, म्हणतो की आधी दोन दिवस घालून बघा.

दर, झोका आणि ठोक्यातला फरक या तीन आकड्यांवरून घड्याळाचं आरोग्य किती कळतं, त्याबद्दल जाणत्यांचं कुठे एकमत आहे आणि कुठे नाही, याचा हा आढावा आहे. उदाहरण म्हणून माझ्यासमोर माझ्या वडिलांचं एचएमटी जनता आहे. ते गन कॅरेज फॅक्टरीत होते आणि निवृत्त होईपर्यंत हेच घड्याळ त्यांच्या मनगटावर होतं.

पार्श्वभूमी

घड्याळ बरोबर चालतं की नाही हे पाहायची जुनी रीत वेळखाऊ होती. आकाशवाणीच्या ठोक्यांवर घड्याळ लावायचं, चोवीस तास तसंच ठेवायचं, दुसऱ्या दिवशी त्याच ठोक्यांवर फरक मोजायचा, रेग्युलेटरचा काटा केसभर सरकवायचा आणि पुन्हा चोवीस तास थांबायचं. एक घड्याळ जागेवर आणायला आठवडा जाई. १९३० च्या दशकात अमेरिकेत वॉचमास्टर आणि नंतर स्वित्झर्लंडमध्ये व्हायब्रोग्राफ ही यंत्रं आली आणि तेच काम अर्ध्या मिनिटावर आलं. यंत्र घड्याळाची टिकटिक ऐकायचं आणि प्रत्येक ठोक्याला कागदाच्या पट्टीवर एक ठिपका मारायचं. आज पडद्यावर दिसणारी रेघ म्हणजे तीच कागदी पट्टी. जुन्या पट्टीवर दर आणि दोन रेघांमधलं अंतर सहज दिसे. झोका थेट अंशांत छापून मिळण्याची सोय पुढच्या पिढीच्या यंत्रांनी आणली.

आपल्याकडे हा प्रश्न मुख्यतः एचएमटीचा आहे. १९६१ साली बंगळूरला जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने एचएमटीचा घड्याळ कारखाना उभा राहिला, आणि जनता, पायलट यांसारखी चावीची घड्याळं घराघरांत गेली. पुढे क्वार्ट्झ आलं, आणि २०१६ च्या जानेवारीत केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली. त्यानंतर जुन्या एचएमटीची मागणी मात्र वाढली. त्याच सुमारास चिनी बनावटीचे टाइमग्राफर इतके स्वस्त झाले की छोट्या दुकानदारालाही परवडू लागले. यंत्र आलं, पण त्याच्यासोबत ते वाचायची तालीम आली नाही. सध्याच्या मतभेदांचं मूळ मला तिथे दिसतं.

यंत्र नक्की काय ऐकतं

आपल्याला एक "टिक" ऐकू येते, पण मायक्रोफोनला त्यात तीन आवाज ऐकू येतात. बॅलन्स चाक फिरत मध्यावर येतं तेव्हा त्यावरचा छोटा खडा पॅलेटच्या काट्याला धडकतो. हा पहिला आवाज. मग एस्केप व्हीलचा दात पॅलेटच्या खड्यावरून घसरत बॅलन्सला ढकलतो, हा दुसरा. शेवटी पुढचा दात दुसऱ्या खड्यावर येऊन आपटतो आणि काटा कडेला टेकतो. हा तिसरा आणि सर्वांत मोठा.

जनताची मशीन, म्हणजे एचएमटीची ०२३१, तासाला १८,००० ठोके देते. सेकंदाला पाच, दिवसाला ४,३२,०००. यंत्र स्वतःच्या क्वार्ट्झ घड्याळाशी हे ठोके ताडून पाहतं आणि दिवसाला किती सेकंद पुढे किंवा मागे, हा दर सांगतं. दिवसाला एक सेकंद म्हणजे ४,३२,००० ठोक्यांत पाचांचा फरक. यंत्राची बारकाई यावरून लक्षात येईल. रेघ वर चढत असेल तर घड्याळ पुढे जातं, उतरत असेल तर मागे पडतं.

इथे पहिली तपासणी अगदी साधी आहे आणि तीच अनेकदा राहून जाते. यंत्राने ठोक्यांचा वेग बरोबर ओळखला आहे का? १८,००० च्या घड्याळाला यंत्राने २१,६०० समजलं, तर पुढचा कोणताही आकडा कामाचा नाही. मशीन मळलेली असेल, आवाज कमजोर असेल किंवा शेजारी दुसरं घड्याळ टिकटिकत असेल तर असं होतं. तेव्हा वेग हाताने निवडावा.

रेघेच्या आकारालाही अर्थ असतो. रेघ सरळ असेल तर गाडी रुळावर आहे. ती ठराविक काळाने लाटेसारखी वरखाली होत असेल तर दुसरं घड्याळ हातात घेऊन लाटेची लांबी मोजावी. एस्केप व्हीलला बहुधा १५ दात असतात. एका फेरीत ३० ठोके, म्हणजे १८,००० च्या घड्याळात सहा सेकंद. लाट दर सहा सेकंदांनी परत येत असेल तर संशय एस्केप व्हीलवर, मिनिटाला एकदा येत असेल तर सेकंदकाट्याच्या चाकावर. ठिपके बर्फासारखे विखुरले असतील तर मळ, फार कमी झोका किंवा नीट न बसलेला मायक्रोफोन, यांपैकी काहीतरी आहे. आकडे टिपण्याआधी रेघ पाहायला हवी असं माझं ठाम मत आहे, कारण रेघ विस्कटलेली असताना वरचे आकडे यंत्राने कुठल्यातरी गोंगाटावरून काढलेले असतात.

दर: एका स्थितीतला आकडा पुरेसा आहे का?

दराबाबत जाणत्यांत मतभेद सर्वांत कमी आहेत. डायल वर ठेवून घेतलेला एकच दर फारसं काही सांगत नाही, हे बहुतेकांना मान्य आहे, कारण रेग्युलेटर सरकवून तो आकडा कोणीही शून्यावर आणू शकतो. आजारी घड्याळसुद्धा एका स्थितीत शून्य दाखवतं. म्हणून घड्याळ निदान पाच स्थितींत ऐकायचं: डायल वर, डायल खाली, चावी खाली, चावी डावीकडे आणि चावी वर. प्रत्येक वेळी स्थिती बदलल्यावर अर्धा मिनिट थांबायचं, मग तीस-चाळीस सेकंदांचं वाचन घ्यायचं. पाहायचा असतो तो या पाच आकड्यांमधला पसारा.

स्वित्झर्लंडची क्रोनोमीटर परीक्षा याच तत्त्वावर आहे: पंधरा दिवस, पाच स्थिती आणि ८, २३ व ३८ अंश ही तीन तापमानं. सरासरी दर उणे ४ ते अधिक ६ सेकंदांच्या आत हवा. जबलपूरच्या माणसाला ही तापमानं परकी वाटणार नाहीत. जानेवारीतली पहाट पहिल्याच्या जवळ जाते आणि मेची दुपार तिसऱ्याच्या पलीकडे. अर्थात जनताकडून क्रोनोमीटरची अपेक्षा कोणी करत नाही.

मतभेद आहे तो यंत्रावरच्या दराला प्रत्यक्षातल्या दराचा पर्याय मानायचं का, यावर. एका बाजूचं म्हणणं असं की पाच स्थितींची सरासरी काढली की मनगटावर काय होईल याचा अंदाज येतो. दुसऱ्या बाजूचे लोक म्हणतात की यंत्र अर्ध्या मिनिटाची नाडी बघतं, तर मनगटावर दिवसभरात चावी उतरत जाते, हात हलतो, रात्री घड्याळ टेबलावर पडून राहतं. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. दर जुळवायला यंत्र हवं आणि जुळवलेला दर पटवायला आठवडा हवा, असं मी म्हणेन.

एक अपवाद मात्र दरावरूनच पकडता येतो. घड्याळ अचानक दिवसाला मिनिटांनी पुढे जाऊ लागलं आणि पाचही स्थितींत तसंच राहिलं, तर हेअरस्प्रिंगकडे पाहावं. आपले कारागीर तिला बालकमानी म्हणतात. चुंबकत्वामुळे किंवा तेल लागल्यामुळे तिची वेटोळी एकमेकांना चिकटतात, तिची कामाची लांबी कमी होते आणि घड्याळ धावू लागतं. चुंबकत्व काढायला काही सेकंद लागतात, म्हणून मशीन उघडण्याआधी ते काढून पुन्हा वाचन घ्यावं.

झोका: सर्वांत बोलका आणि सर्वांत फसवा आकडा

बॅलन्स चाक मध्यापासून एका बाजूला किती अंश फिरतं, तो त्याचा झोका. चावीतली ताकद चाकांमधून वाहत बॅलन्सपर्यंत किती पोहोचते, हे त्यावरून कळतं. वाटेत सुकलेलं तेल, झिजलेला पिव्हट, थकलेली मुख्य कमान, जे काही आडवं येतं ते झोका खातं. म्हणून आरोग्याचा आकडा कोणता असं विचारलं तर बहुतेक जाणकार झोक्याकडे बोट दाखवतात.

पण यंत्र झोका पाहत नाही, तो गणिताने काढतं. पहिल्या आणि तिसऱ्या आवाजात किती वेळ गेला हे ते मोजतं. या दोन आवाजांच्या दरम्यान बॅलन्स जेवढा कोन फिरतो त्याला लिफ्ट अँगल म्हणतात, आणि तो मशीनच्या घडणीवर ठरतो. तेवढाच कोन कमी वेळात पार झाला म्हणजे बॅलन्स वेगात आहे, म्हणजेच झोका मोठा आहे. सूत्र असं:

```
A = L / (2 × sin(π × t × n / 7200))
```

`A` म्हणजे झोका, `L` लिफ्ट अँगल, `t` दोन आवाजांमधले सेकंद आणि `n` तासाचे ठोके. कंसातलं उत्तर रेडियनमध्ये धरायचं. लिफ्ट अँगल माणसाने यंत्राला सांगायचा असतो, आणि सांगितला नाही तर यंत्र सहसा ५२ धरतं. १८,००० च्या घड्याळात `t` सुमारे १२.३ मिलिसेकंद आला, तर ५२ धरून झोका २७० अंश येतो. त्याच घड्याळाचा खरा लिफ्ट अँगल ४९ असेल तर झोका २५४ वर येतो. एक अंश चुकला की झोक्यात पाचेक अंशांची चूक. मी जबलपुरात पाहिलेल्या टेबलांवर प्रत्येक घड्याळाला, मग ते एचएमटी असो की स्विस, ५२ च लावलेलं असतं.

यावर एक जुना आणि खात्रीचा उपाय आहे. बॅलन्सच्या कडेवर फेल्ट पेनाने एक बारीक ठिपका द्यायचा. चावी थोडी थोडी द्यायची, किंवा पूर्ण भरलेली चावी उतरत जाऊ द्यायची, आणि मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये ठिपका कुठवर जातो ते बघायचं. झोका नेमका १८० अंशांचा असतो तेव्हा ठिपका डावीकडून आणि उजवीकडून एकाच जागी, आपल्या मूळ जागेच्या बरोबर समोर, येऊन थांबतो. त्या क्षणी यंत्रावर १८० येईपर्यंत लिफ्ट अँगल बदलायचा. जो आकडा येईल तो त्या मशीनचा, आणि तो घड्याळाच्या डबीत कागदावर लिहून ठेवायचा.

दुसरी फसगत याहून वाईट आहे. पहिला आवाज कधी कधी इतका हलका असतो की यंत्राला तो ऐकूच येत नाही. मग यंत्र दुसऱ्या आवाजापासून मोजायला लागतं, वेळ कमी भरतो आणि झोका फुगून येतो. वर्षानुवर्षं न उघडलेल्या घड्याळाचा झोका ३१० किंवा ३२० आला तर आनंदी होऊ नये. मायक्रोफोनची संवेदनशीलता बदलून पुन्हा ऐकावं. आकडा २०० आणि ३२० यांच्यात उड्या मारत असेल तर चूक यंत्राच्या ऐकण्यात आहे.

आता मूळ वाद. निरोगी झोका किती? एक पक्ष आधुनिक मापाला धरून आहे: पूर्ण चावीवर, डायल वर किंवा खाली, २७० ते ३१० च्या दरम्यान हवा, २५० च्या खाली असेल तर सर्व्हिसिंग करावं. तरुण कारागीर बहुधा या पक्षाचे आहेत. दुसऱ्या पक्षाचं म्हणणं असं की पन्नास वर्षं चाललेल्या मशीनकडून नव्या मशीनचं माप मागणं चूक आहे. पूर्ण चावीवर २३०-२४० आणि चोवीस तासांनी १९०-२०० असेल, स्थिती बदलल्यावर फार कोसळत नसेल, तर ते घड्याळ उघडून त्याच्या जीर्ण स्क्रूंशी खेळू नये. तिसरं मत या दोघांच्या आकड्यांवरच शंका घेतं: लिफ्ट अँगल पक्का नसताना २४० आणि २५० मध्ये रेषा कशी ओढायची?

माझा कल तिसऱ्या मताकडे आहे, पण त्याचा अर्थ झोका निरुपयोगी आहे असा नाही. लिफ्ट अँगल चुकला तरी तो सगळ्या वाचनांत सारख्याच प्रमाणात चुकतो. म्हणून डायल वर आणि चावी खाली यांच्यातला फरक, आज आणि चोवीस तासांनंतरचा फरक, सर्व्हिसिंगच्या आधी आणि नंतरचा फरक हे तिन्ही भरवशाचे राहतात. जास्त झोका नेहमी चांगला असतो असंही नाही. ३३० च्या पुढे बॅलन्स इतका फिरतो की खडा पॅलेटच्या काट्याला बाहेरून जाऊन ठोकतो, घड्याळ एकदम धावू लागतं आणि खडा तुटायची भीती असते. नवी, जास्त ताकदीची कमान जुन्या मशीनमध्ये घातली की असं होतं.

ठोक्यातला फरक: लंगडं घड्याळ

निरोगी घड्याळाचं "टिक" आणि "टॉक" सारख्या अंतराने येतं. बॅलन्सचा विश्रांतीचा बिंदू मधल्या रेषेवरून थोडा सरकलेला असेल तर एका बाजूचा फेरा लांब आणि दुसरा आखूड होतो, आणि घड्याळ लंगडल्यासारखं ऐकू येतं. पट्टीवर तेव्हा एका रेघेऐवजी दोन समांतर रेघा दिसतात. यंत्र या दोन फेऱ्यांच्या वेळेतल्या फरकाचा निम्मा भाग मिलिसेकंदांत दाखवतं. साधारण ०.५ पर्यंत चांगलं, १ पर्यंत चालेल, असं म्हणतात.

याच आकड्यावरून सर्वांत जास्त वाद होतात. एक मत असं की हा दोष दिसायला वाईट पण निरुपद्रवी आहे. त्याने दर फारसा बिघडत नाही, फक्त उतरलेल्या घड्याळाला चावी दिली की ते आपणहून सुरू होत नाही, हलवावं लागतं. विरुद्ध मत असं की ठोक्यातला फरक म्हणजे मागच्या कारागिराने काम अर्धं सोडल्याची खूण आहे, आणि कमी झोक्याच्या घड्याळात तो दरालाही ओढतो. दोन्ही मतांना आधार आहेत. माझ्या मते वादाची धार वाढते ती मिलिसेकंद या मापामुळे, कारण मूळ दोष वेळेचा नाही, कोनाचा आहे.

१८,००० च्या घड्याळात २७० अंशांच्या झोक्यावर एक मिलिसेकंद म्हणजे विश्रांतीचा बिंदू सुमारे २.१ अंश सरकलेला. २८,८०० च्या वेगवान घड्याळात त्याच झोक्यावर तोच एक मिलिसेकंद म्हणजे ३.४ अंश. म्हणजे दोन घड्याळांचा आकडा सारखा असला तरी दोष सारखा नसतो. आणि एकाच घड्याळात झोका २७० वरून १८० वर आला की काहीही न हलता एकाचे दीड मिलिसेकंद होतात. त्यामुळे सकाळी ०.८ आणि रात्री १.२ दिसलं म्हणून बॅलन्स सरकला असं समजू नये. झोका न लिहिता फक्त ठोक्यातला फरक लिहिणारा कागद अपुरा आहे.

दुरुस्ती करायची की नाही, हे मशीनच्या घडणीवरही अवलंबून असतं. जिथे हेअरस्प्रिंगचं बाहेरचं टोक धरणारा स्टड सरकत्या हातावर असतो, तिथे काम मिनिटाचं आहे. जिथे स्टड बॅलन्सच्या पुलात पक्का बसवलेला असतो, तिथे बॅलन्स बाहेर काढून हेअरस्प्रिंगचं मधलं कडं काही अंश फिरवावं लागतं, आणि एका चुकीच्या झटक्याने हेअरस्प्रिंगचा आकार बिघडू शकतो. अशा घड्याळात १.२ मिलिसेकंद तसेच सोडून देणारा कारागीर आळशी असेलच असं नाही. हाताला खात्री नसताना तेच शहाणपण आहे.

एक जनता, आधी आणि नंतर

वडिलांचं घड्याळ मी पूर्ण चावी देऊन, वीस मिनिटं थांबून, ५२ लिफ्ट अँगलवर ऐकलं. डायल वर: दर +१८, झोका २१४, ठोक्यातला फरक २.४. डायल खाली: +२२ आणि २०९. इथवर फक्त दर पाहणारा म्हणाला असता की जुन्या घड्याळाच्या मानाने छान. मग उभ्या स्थिती घेतल्या. चावी खाली: −३५, झोका १७१, फरक ३.०. चावी डावीकडे: −२० आणि १६८. चावी वर: +७० आणि १६६.

हा कागद असा वाचायचा. डायल वर आणि डायल खाली जवळजवळ सारखं आहे, म्हणजे बॅलन्सच्या दोन टोकांपैकी एखादं एकटं खराब झालेलं नाही. पण झोका सगळीकडेच कमी आहे. ताकदच कमी पोहोचते, म्हणून सुकलेलं तेल आणि थकलेली कमान हे पहिले संशयित. ठोक्यातला फरक २.४ वरून ३.० झाला तो झोका घटल्यामुळे. कोनात मोजलं तर दोन्हीकडे सुमारे चार अंशच येतात, म्हणजे दोष एकच आणि स्थिर आहे.

उभ्या स्थितींतला १०५ सेकंदांचा पसारा मात्र वेगळं सांगतो. बॅलन्सच्या कडेवर एखादी बाजू किंचित जड असली की उभ्या स्थितीत दर बदलतो, आणि हा परिणाम झोक्यावर अवलंबून असतो. २२० अंशांच्या आसपास तो नाहीसा होतो. त्याखाली, जड बाजू तळाशी असताना घड्याळ पुढे जातं. त्यावर, तीच बाजू तळाशी असताना मागे पडतं. आमचं घड्याळ १७० च्या आसपास चावी वर असताना धावत होतं, म्हणजे जड बाजू नऊच्या आकड्याकडे. मोह असा होतो की बॅलन्स काढून त्या बाजूचं वजन खरवडावं. ज्यांच्याकडे घड्याळ दिलं त्या कारागिराने ते केलं नाही, आणि ते बरोबर होतं. आधी झोका सुधारायचा, मग उरलेला दोष बघायचा.

त्यांनी मशीन पूर्ण उघडून धुतली, नवी कमान घातली, तेल दिलं आणि बॅलन्स काढून हेअरस्प्रिंगचं कडं फिरवलं. नंतरची वाचनं: डायल वर +९, झोका २६८, फरक ०.५, डायल खाली +७, २६५, चावी खाली +१०, २३८, चावी डावीकडे +४, २३६, चावी वर −३, २३५. उभ्या स्थितींतला पसारा १०५ वरून १३ वर आला आणि चावी वरचं चिन्ह उलटलं. झोका २२० च्या वर गेल्यावर जड बाजूने जसं वागायला हवं, तसंच ती वागली. चोवीस तासांनी, चावी न देता, डायल वर झोका २३८ होता, उभ्यात २०३. चावी वर दर +२१ आणि चावी खाली −८. चिन्हं पुन्हा फिरली. म्हणजे जडपणा आहेच, पण रोज सकाळी चावी देणाऱ्याला तो जाणवणार नाही. आठवडाभर घातल्यावर घड्याळ चाळीस सेकंद पुढे गेलं, दिवसाला सहाच्या आसपास.

काय अजून सुटलेलं नाही

झोक्याची किमान मर्यादा हा पहिला उघडा प्रश्न. नव्या मशीनसाठी कारखाने आपापली मर्यादा देतात, पण जुन्या एचएमटीसाठी सर्वांना मान्य असा आकडा आमच्या बाजारात चालत नाही. प्रत्येक कारागीर आपल्या अनुभवाचा आकडा वापरतो. तापमानाचा प्रश्न दुसरा. मे महिन्यात पंख्याखाली घेतलेलं वाचन आणि जानेवारीत थंड सकाळी घेतलेलं वाचन एकाच कागदावर ठेवताना तेलाची जाडी बदललेली असते, आणि आपल्याकडे वाचनासोबत तापमान लिहिण्याची सवय नाही.

तिसरा प्रश्न खरेदीचा आहे. नवं डायल चढवलेली जुनी एचएमटी विकताना हल्ली टाइमग्राफरच्या पडद्याचा फोटो दाखवतात. तो फोटो एका स्थितीचा, पूर्ण चावीचा, लिफ्ट अँगल न सांगितलेला असतो. वर दाखवलेल्या घड्याळाचा सर्व्हिसिंगआधीचा डायल-वरचा दरसुद्धा अशा फोटोत वाईट दिसला नसता. विक्रेत्याकडून किती स्थितींची वाचनं मागावीत यावर अजून काहीच रूढ झालेलं नाही.

घड्याळ दुरुस्तीला देणाऱ्याला एवढंच सांगेन: आधीची आणि नंतरची पाचही स्थितींची वाचनं, चावी कधी दिली होती, लिफ्ट अँगल किती धरला आणि त्या दिवशी उकाडा होता की थंडी, हे एका कागदावर लिहून मागा आणि तो कागद घड्याळाच्या डबीत ठेवा. पुढच्या सर्व्हिसिंगला त्याच्याशी ताडून पाहता येईल.